मेल आत्ता कुणाच्या ताब्यात आहे?

फोनवर मेल लिहून बाणाच्या खुणेवर बोट टेकवलं की तो लगेच ‘Sent’मध्ये जाऊन बसतो आणि आपण काम झालं असं धरून चालतो. त्या घडीला प्रत्यक्षात एवढंच झालेलं असतं की आपल्या फोनने तो मेल आपल्याच मेलसेवेच्या सर्व्हरकडे सोपवला. समोरच्याचा पत्ता खरा आहे का, त्याचा सर्व्हर चालू आहे का, तो आपला मेल आत घेईल का, यातलं काहीही अजून कुणी तपासलेलं नाही. पुढच्या दोन-चार सेकंदांत हे सगळं तपासलं जातं. बहुतेक वेळा ते सुरळीत पार पडतं, म्हणून त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पण पाठवलेलं बिल पोचत नाही, ओटीपी वीस मिनिटांनी येतो, कधी एकच मेल दोनदा येतो. असं झालं की मग मधल्या वाटेची चौकशी करावी लागते.

ही वाट समजून घ्यायला एक प्रश्न पुरतो: या क्षणी मेलची जबाबदारी कुणाची? प्रत्येक टप्प्यावर मेल एका सर्व्हरच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात जातो, आणि पुढच्याने ‘घेतला’ असं कबूल करेपर्यंत मागच्याची सुटका होत नाही.

उदाहरण म्हणून नाशिकचा एक छापखाना घेऊ. मालकीणबाईंचा पत्ता आहे press@chhapai.example आणि त्यांना बिल पाठवायचंय एका कारखान्याच्या हिशोब विभागाला, hishob@karkhana.example या पत्त्यावर. शेवटी .example असलेली नावं 1999 पासून फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेली आहेत, ती कुणाला विकत मिळत नाहीत. त्यामुळे या पत्त्यांवरून खऱ्या कुणाला त्रास व्हायची भीती नाही. बाकी घडतं ते रोज घडतं तसंच.

बाईंनी बटण दाबलं. फोनने छापखान्याच्या मेल सर्व्हरशी संपर्क साधला, नाव आणि पासवर्ड दिला, आणि मेल सुपूर्द केला. हा संपर्क 587 किंवा 465 क्रमांकाच्या पोर्टवर होतो. पोर्ट म्हणजे एकाच यंत्रावर वेगवेगळ्या कामांसाठी ठरवलेले क्रमांक. इथे पासवर्ड मागतात, कारण हा सर्व्हर फक्त आपल्या माणसांचेच मेल बाहेर नेतो. त्याने ‘घेतला’ म्हटल्यावर फोनची जबाबदारी संपली, मेल ‘Sent’मध्ये गेला. आता बाईंनी फोन बंद करून ठेवला तरी मेलचं काही अडत नाही.

यापुढे कारखान्याचा सर्व्हर शोधायचं काम छापखान्याच्या सर्व्हरचं. पत्त्यातल्या @ च्या डाव्या बाजूला काय लिहिलंय, ‘hishob’ नावाचं कुणी आहे की नाही, याच्याशी त्याला तूर्त कर्तव्य नसतं. तो बघतो फक्त उजवी बाजू, karkhana.example. या डोमेनचे मेल कोण स्वीकारतं, हा प्रश्न तो डीएनएसला विचारतो. डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नावांची जगभर वाटून ठेवलेली नोंदवही. कारखान्याची वेबसाइट कुठे आहे, हेही तिच्यात असतं, पण मेलसाठी वेगळी नोंद असते. तिचं नाव एमएक्स. ही सोय क्रेग पार्ट्रिज यांनी जानेवारी 1986 मध्ये लिहून मांडली, आणि त्यामागचा विचार साधा होता: एखाद्या संस्थेचे मेल त्याच संस्थेच्या यंत्राने घ्यावेत अशी सक्ती नको. नाव संस्थेचं असेल, मेल घेणारं यंत्र दुसऱ्याचं असू शकेल. आज हजारो छोट्या कंपन्या स्वतःच्या नावाचे पत्ते वापरतात आणि प्रत्यक्ष मेल मात्र एखाद्या मोठ्या सेवेकडे सांभाळायला देतात, ते या एका नोंदीच्या जिवावर.

ही नोंद कशी दिसते ते घरच्या संगणकावर बघता येतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ही ओळ लिहा:

```
nslookup -type=mx gmail.com
```

उत्तरात पाच सर्व्हरांची नावं येतात, प्रत्येकापुढे एक आकडा. gmail-smtp-in.l.google.com या नावापुढे 5 असतो, आणि alt1, alt2 अशा नावांनी सुरू होणाऱ्या बाकी चौघांपुढे 10, 20, 30, 40. आकडा जितका लहान, तितका मान आधी. पाठवणारा सर्व्हर पहिल्यांदा पाचवाल्याकडे जातो. तो उत्तर देत नसेल तर दहावाल्याकडे. आकड्यांच्या मूल्याला स्वतंत्र अर्थ नाही, फक्त क्रम महत्त्वाचा. 5 आणि 10 ऐवजी 1 आणि 2 लिहिले असते तरी तेच झालं असतं.

आपल्या कारखान्याच्या नोंदीत mx1.karkhana.example हे नाव 10 या आकड्यासह आहे असं धरू. छापखान्याच्या सर्व्हरला नाव मिळालं, मग त्याने त्या नावाचा अंकी पत्ता विचारून घेतला, आणि वाट मोकळी झाली.

इथे जरा थांबून एक नेहमीचा घोटाळा पाहू, कारण छोट्या व्यवसायांना तो हमखास गाठतो. कारखान्याने नवी वेबसाइट करवून घेतली. वेबसाइट बनवणाऱ्याने डोमेनच्या सगळ्या नोंदी स्वतःच्या कंपनीकडे हलवल्या, साइटचा नवा पत्ता नीट लिहिला, पण एमएक्सची जुनी नोंद उतरवून घ्यायची राहिली. साइट झकास उघडते, सगळे खूश. मेल मात्र यायचे थांबतात, आणि तेही एकदम थांबत नाहीत. डीएनएसची उत्तरं काही काळ लक्षात ठेवली जातात, कुठे तासभर, कुठे दिवसभर. ज्यांच्याकडे जुनं उत्तर शिल्लक आहे त्यांचे मेल येत राहतात, बाकीच्यांचे येत नाहीत. त्यामुळे पहिल्या दिवशी कुणालाच शंका येत नाही.

बरं, एमएक्स नाही म्हणून पाठवणाऱ्याला लगेच तसं कळावं, तर तेही होत नाही. नियम असा की एमएक्सची नोंद नसेल तर पाठवणाऱ्याने थेट त्या डोमेनच्या मुख्य अंकी पत्त्यावर प्रयत्न करावा. एमएक्स येण्याआधीच्या काळाची ही खूण आजही पाळली जाते. तो मुख्य पत्ता आता वेबसाइटच्या यंत्राचा असतो, आणि ते यंत्र मेल घेत नाही. छापखान्याचा सर्व्हर दार ठोठावतो, कुणी उघडत नाही. ही अडचण तात्पुरती असेल असं समजून तो मेल रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. बाईंना पाच दिवसांनी ‘मेल पोचवता आला नाही’ असा निरोप मिळतो. तोवर बिलाची तारीख उलटून गेलेली. अशा वेळी वर दिलेली एक ओळ चालवून पाहिली असती तर अर्ध्या मिनिटात दोष सापडला असता. साइट हलवण्याआधी जुन्या नोंदींची यादी काढून ठेवा, एवढंच ज्याला त्याला सांगावंसं वाटतं.

आपल्या कारखान्याची नोंद मात्र जागेवर आहे. छापखान्याचा सर्व्हर mx1 च्या 25 क्रमांकाच्या पोर्टवर जोडणी करतो. सर्व्हर-सर्व्हरमधली देवाणघेवाण याच पोर्टवर चालते. दोघांमध्ये जे बोलणं होतं त्याचे नियम म्हणजे एसएमटीपी. जॉन पोस्टेल यांनी ते ऑगस्ट 1982 मध्ये लिहिले. नंतर त्यांत भर पडली, दुरुस्त्या झाल्या, पण बोलण्याचा गाभा तोच राहिला. यातलं सगळं संभाषण साध्या वाचता येणाऱ्या ओळींत चालतं. एक ओळ पाठवणाऱ्याची, मग घेणाऱ्याचं उत्तर, आणि प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला तीन आकडे.

```
220 mx1.karkhana.example ESMTP
EHLO mail.chhapai.example
250-mx1.karkhana.example
250-SIZE 26214400
250 STARTTLS
```

पहिली ओळ घेणाऱ्याची: मी तयार आहे. दुसरीत पाठवणारा स्वतःचं नाव सांगतो. त्यावर घेणारा आपल्याला काय काय जमतं ते ऐकवतो. SIZE पुढचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त किती बाइटचा मेल घेईन, इथे 25 एमबी. अनेकांना कोडं पडतं की मर्यादा 25 एमबीची असताना 20 एमबीची फाइल का परत आली. कारण असं की मेलमध्ये फाइल जशीच्या तशी जात नाही. ती अक्षरं-अंकांच्या रूपात बदलून पाठवतात, आणि त्यात दर तीन बाइटचे चार होतात. म्हणजे वीसचे सत्तावीस होतात.

STARTTLS म्हणजे ‘म्हणाल तर यापुढचं बोलणं कुलूपबंद करू’. छापखान्याचा सर्व्हर हो म्हणतो, दोघं किल्ल्या ठरवतात, पुन्हा एकदा नमस्कार-चमत्कार होतो आणि पुढचं सगळं वाटेतल्या कुणाला वाचता येत नाही. आता मुख्य काम.

```
MAIL FROM:<press@chhapai.example>
250 2.1.0 Ok
RCPT TO:<hishob@karkhana.example>
250 2.1.5 Ok
DATA
354 End data with <CR><LF>.<CR><LF>
```

पाठवणारा कोण, ते सांगितलं. कुणासाठी, ते सांगितलं. ‘hishob’ नावाची पेटी खरंच आहे का, हे पहिल्यांदा तपासलं जातं ते इथे, RCPT TO च्या ओळीवर. नसती तर उत्तर आलं असतं 550, आणि मेलचा मजकूर पाठवायची वेळच आली नसती. पेटी आहे, म्हणून DATA म्हटल्यावर 354 आलं: पाठवा मजकूर, आणि संपला की एका ओळीवर नुसतं एक टिंब द्या. मग अख्खा मेल जातो, वरच्या माहितीच्या ओळी, मजकूर आणि जोडलेलं बिल सगळं. बाईंनी विषयात मराठीत ‘बिल’ असा शब्द लिहिला असेल, तर तो वाटेवर असा दिसतो:

```
Subject: =?UTF-8?B?4KSs4KS/4KSy?=
```

एसएमटीपी जन्मली तेव्हा इंग्रजी अक्षरांपलीकडे कुणी विचार केला नव्हता, त्यामुळे देवनागरीला असा वेश घालून जावं लागतं. पोचल्यावर वाचणारा अॅप तो वेश उतरवतो. कधी एखाद्या जुन्या प्रणालीतून आलेल्या मेलच्या विषयात असली अक्षरांची खिचडी दिसली, तर मेल बिघडलेला नाही, वेश उतरवायचा राहिलाय एवढंच.

मजकूर संपला. आता या प्रवासातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ.

```
.
250 2.0.0 Ok: queued as 4Xk2Lz0pQz
QUIT
221 2.0.0 Bye
```

टिंबानंतरचं हे 250 म्हणजे ताबा बदलल्याची कबुली. ते येईपर्यंत मेल छापखान्याच्या सर्व्हरचा होता. आल्यावर तो कारखान्याच्या सर्व्हरचा झाला. एसएमटीपीचा नियम इथे फार कडक आहे: एकदा 250 म्हटलं की मेल पोचवा, नाहीतर पोचला नाही असं पाठवणाऱ्याला कळवा. मधेच वीज गेली, यंत्र बंद पडलं, ही सबब चालत नाही. म्हणून नेकीने चालणारा सर्व्हर मेल डिस्कवर पक्का लिहून झाल्याशिवाय 250 म्हणत नाही. त्यापुढचा 4Xk2Lz0pQz हा त्या मेलचा रांगेतला क्रमांक.

समजा कारखान्याच्या सर्व्हरने मेल लिहून घेतला, 250 पाठवलं, आणि नेमकी त्याच क्षणी जोडणी तुटली. छापखान्याच्या सर्व्हरला ते 250 ऐकूच आलं नाही. त्याने काय समजायचं? नियमाप्रमाणे तो दहा मिनिटांपर्यंत वाट पाहतो, मग मेल पोचला नाही असं धरतो आणि थोड्या वेळाने पुन्हा पाठवतो. कारखान्याच्या हिशोब विभागात एकच बिल दोनदा येतं. बाईंनी दोनदा बटण दाबलं असणार असं तिथले लोक म्हणतात, आणि बाई शपथेवर नाही म्हणतात. बाई खरं बोलत असू शकतात. ही रचना करणाऱ्यांना हा धोका माहीत होता. एक मेल हरवण्यापेक्षा तो दोनदा गेलेला परवडला, असा हा निवाडा आहे, आणि मला तो रास्त वाटतो.

उत्तराच्या तीन आकड्यांतला पहिला आकडा लक्षात ठेवला तरी बरंच भागतं. 2 म्हणजे झालं. 3 म्हणजे पुढचं सांगा. 4 म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या. 5 म्हणजे जमणार नाही, पुन्हा येऊ नका. यांतल्या चार आणि पाचमधल्या फरकावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. 5 आला की पाठवणारा सर्व्हर तिथेच थांबतो आणि मूळ पाठवणाऱ्याला मेल परत आल्याचा निरोप देतो, तोही बहुधा मिनिटभराच्या आत. 4 आला की मेल रांगेत जातो. पोस्टफिक्स हा सर्व्हर जगात खूप ठिकाणी वापरतात. तो मूळ बसवणीत पाच मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करतो, मग अंतर वाढवत तासाभराहून थोडं जास्त इथपर्यंत नेतो आणि पाच दिवसांनी नाद सोडतो.

ओटीपी उशिरा येण्याचं एक कारण यातच आहे. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दाम 4 ने सुरू होणारं उत्तर देतात. याला ग्रेलिस्टिंग म्हणतात. कल्पना अशी की घाऊक कचरा पाठवणारे पुन्हा यायच्या भानगडीत पडत नाहीत, पण खरा सर्व्हर रांगेत ठेवून परत येतो, तेव्हा त्याला आत घ्यायचं. युक्ती नामी आहे, पण बँकेचा सर्व्हर पंधरा मिनिटांनी परत आला तर दहा मिनिटं चालणारा ओटीपी पोचायच्या आत मेलेला असतो. अशा वेळी ‘पुन्हा पाठवा’वर सारखं बोट दाबून उपयोग नसतो. उलट रांगेतले जुने ओटीपी नंतर एकामागोमाग येतात आणि कुठला खरा ते कळत नाही.

आता एका गोष्टीकडे मागे वळून बघायला हवं. MAIL FROM आणि RCPT TO या ओळी मेलच्या आत नसतात, त्या सर्व्हर-सर्व्हरच्या बोलण्यात असतात. मेल उघडल्यावर आपल्याला दिसणारे From आणि To मात्र DATA नंतर गेलेल्या मजकुराचा भाग असतात. पाकिटावरचा पत्ता आणि आतल्या कागदावरचं नाव-गाव यांच्यात जसा फरक, तसाच हा. पोचवणारे फक्त पाकीट वाचतात. आतल्या कागदावर काहीही लिहिलेलं असलं तरी त्यांचं अडत नाही. बीसीसी चालतं ते यामुळेच. बाईंनी बीसीसीत आपल्या सीएचा पत्ता टाकला, तर त्याच्यासाठी वेगळं RCPT TO जातं, पण आतल्या कागदावर त्याचं नाव येत नाही. कारखान्याला तो कुठेच दिसत नाही.

फसवाफसवीलाही याच फटीतून वाट मिळाली. मूळ एसएमटीपीत पाकिटावर आणि कागदावर कुणाचंही नाव घालता येत असे, खरंखोटं विचारणारं कुणी नव्हतं. पुढे तपासण्या आल्या. त्यांतली पहिली एसपीएफ. छापखाना आपल्या डीएनएस नोंदीत लिहून ठेवतो की आमच्या नावाने मेल पाठवायचा हक्क अमुक अंकी पत्त्यांच्या यंत्रांनाच आहे. कारखान्याचा सर्व्हर जोडणी कुठून आली ते बघतो आणि यादीशी ताडतो. पण ती फक्त पाकिटावरचं नाव तपासते. म्हणून तिच्या जोडीला डीकेआयएम ही मेलवरची अंकी सही आली, आणि या दोन्हींची सांगड आपल्याला दिसणाऱ्या From शी घालणारी डीमार्क. फेब्रुवारी 2024 पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. छोट्या पाठवणाऱ्यांनीही निदान एक तरी ठेवायलाच हवी. स्वतःच्या डोमेनवरून पाठवलेले मेल जीमेलवाल्यांच्या स्पॅममध्ये पडत असतील, तर आधी इथेच बघावं.

बाईंचा मेल तपासण्यांत पास झाला. 250 मिळालं. पण तो अजून इनबॉक्समध्ये नाही. mx1 हा केवळ दाराशी उभा असलेला सर्व्हर आहे. आत व्हायरसची चाळणी, स्पॅमची चाळणी आणि शेवटी पेटीत ठेवण्याचं काम वेगळी प्रोग्रामं करतात. ती कधी त्याच यंत्रावर असतात, कधी दुसऱ्या.

पेटीत ठेवण्याची एक पद्धत जवळून बघण्यासारखी आहे. तिचं नाव मेलडिर. ती डॅनियल बर्नस्टाइन यांनी काढली. प्रत्येकाच्या पेटीत तीन फोल्डर: tmp, new आणि cur. नवा मेल आला की तो आधी tmp मध्ये स्वतंत्र फाइल म्हणून लिहितात. फाइल शेवटच्या बाइटपर्यंत लिहून झाली की तिला एका झटक्यात new मध्ये आणतात. ही हलवाहलव अर्धवट होऊच शकत नाही, फाइल एक तर इकडे असते किंवा तिकडे. त्यामुळे नेमकं लिहिताना वीज गेली तरी अर्धामुर्धा मेल वाचणाऱ्यापुढे येत नाही. मग हिशोब विभागातल्या कुणाच्या संगणकावरचा मेल अॅप पेटी उघडतो, तेव्हा फाइल cur मध्ये जाते, आणि मेल वाचला की तिच्या नावाच्या शेवटी S हे अक्षर लागतं. म्हणजे इनबॉक्समधला जाड अक्षरांतला मेल वाचल्यावर बारीक होतो, त्यामागे असा एका अक्षराचा बदल असू शकतो. मोठ्या सेवांची साठवण याहून निराळी असते, पण आधी पूर्ण लिहायचं आणि मगच दाखवायचं हे तत्त्व तिथेही सुटत नाही.

इथे एसएमटीपीचं काम संपतं. पेटीतून फोनवर मेल येतो तो दुसऱ्याच नियमांनी, बहुधा आयमॅपने किंवा त्या त्या सेवेच्या खासगी पद्धतीने. एसएमटीपी मेल ढकलत नेते, आयमॅपने तो आपण ओढून आणतो. म्हणून कधी मेल पाठवता येतो पण येत नाही, किंवा उलट. एक बिघडलं तर दुसरंही बिघडेलच असं नाही.

दारातून 250 मिळाल्यावर मेल स्पॅममध्ये टाकला, तर पाठवणाऱ्याला ते कळत नाही. त्याच्या दृष्टीने मेल पोचला. नियम सांगतो की घेतलेला मेल पोचवता आला नाही तर कळवा, पण खोट्या पत्त्यांवरून येणाऱ्या कचऱ्याचे निरोप कळवत बसलं तर ते ज्याचा पत्ता चोरला त्या निरपराध माणसावर जाऊन पडतात. म्हणून नाकारायचंच असेल तर दारातच, बोलणं चालू असताना 550 म्हणून नाकारावं, हा आजचा चांगला रिवाज. काही सर्व्हर मात्र सगळ्यांना 250 म्हणतात आणि आत गुपचूप फेकून देतात. ईमेलमध्ये खरोखर ‘हरवलेला’ मेल असला तर तो सहसा असाच हरवतो.

झालेल्या प्रवासाची नोंद मेलमध्येच राहते. वाटेतला प्रत्येक सर्व्हर मेल घेताना वर एक ओळ चिकटवतो. बाईंच्या मेलवर कारखान्याने चिकटवलेली ओळ साधारण अशी:

```
Received: from mail.chhapai.example (203.0.113.25)
  by mx1.karkhana.example with ESMTPS
  id 4Xk2Lz0pQz; Tue, 11 Jun 2024 11:42:07 +0530
```

कुणाकडून घेतला, कुणी घेतला, कधी घेतला. ESMTPS मधला शेवटचा S म्हणजे जोडणी कुलूपबंद होती. जीमेलमध्ये मेल उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून Show original घेतलं की या सगळ्या ओळी दिसतात, आणि मेल किती सेकंदांत पोचला तेही वर लिहिलेलं असतं. नवी ओळ नेहमी वर येते, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. दोन लागोपाठच्या ओळींतल्या वेळांमध्ये तासाचं अंतर दिसलं, तर मेल तिथेच रांगेत अडकला होता. वेळेपुढचा +0530 वगैरे टाइम झोन बघून वजाबाकी करावी, नाहीतर अमेरिकेतल्या सर्व्हरने आपला मेल बारा तास दाबून ठेवला असा उगाच समज होतो. आणि विश्वास ठेवायचा तो वरच्या, आपल्या सेवेने लिहिलेल्या ओळींवर. खालच्या ओळी पाठवणाऱ्याला बनावट लिहिता येतात.

तेव्हा मेल पोचला नाही म्हणून वाद झाला, तर ‘Sent’चा फोटो पाठवून काही सिद्ध होत नाही. परतीचा निरोप आला असेल तर त्यातला तीन आकडी क्रमांक वाचा. 550 5.1.1 असेल तर पत्ता चुकलाय, 5.2.2 असेल तर समोरच्याची पेटी भरलीय. निरोप आलाच नसेल, तर आपली मेलसेवा बघणाऱ्याकडे सर्व्हरच्या लॉगमधली ती एक ओळ मागा. तिथे 4 ने सुरू होणारं उत्तर असेल तर मेल अजून तुमच्याच बाजूला रांगेत आहे. 250 आणि ‘queued as’पुढचा क्रमांक असेल तर तो वेळेसकट समोरच्या कार्यालयाला कळवा. मेल त्यांच्या ताब्यात गेलेला आहे, आणि तो शोधायचं काम आता त्यांचं आहे.